शनिवार-रविवारी सिंक पडलं, मॅनेजमेंटला अहवाल द्यायचाय: कारण काय लिहू?

पाणकणीस

आमच्याकडे ग्राहकांचं मास्टर एका सिस्टिममध्ये आहे (डेटाबेस पोस्टग्रेस) आणि बिलं दुसऱ्या सिस्टिममध्ये बनतात. दर पंधरा मिनिटांनी एक जॉब मास्टरमधले बदललेले ग्राहक उचलतो आणि बिलिंगला देतो.

शनिवारी रात्री ११:१५ पासून रविवारी सकाळी ८:१५ पर्यंत जॉबचे सगळे रन पडले, एकूण ३७. बिलिंगच्या बाजूच्या सर्टिफिकेटची मुदत संपली होती. रविवारी नवीन सर्टिफिकेट टाकलं आणि ८:३० चा रन व्यवस्थित गेला. सोमवारी सकाळपासून मात्र ग्राहकांचे फोन सुरू झाले, की आमची दरश्रेणी बदलली असताना बिल जुन्याच दराने आलंय. दोन्हीकडचं ताडून पाहिलं तर ६,१७१ ग्राहकांमध्ये फरक निघाला.

उद्या दुपारपर्यंत एक पानी अहवाल द्यायचाय. तीन गोष्टी मागितल्यात: कारण, किती रेकॉर्डना फटका बसला, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. मसुदा असा आहे:

"सर्टिफिकेटची मुदत संपल्यामुळे शनिवार रात्र ते रविवार सकाळ सिंक बंद होतं. त्यामुळे ६,१७१ ग्राहकांची माहिती बिलिंगला पोहोचली नाही. यापुढे मुदत संपण्याच्या ३० दिवस आधी सूचना येईल अशी व्यवस्था करत आहोत."

एवढं पुरे का? की तांत्रिक तपशील वाढवू?

आडवाटेचा

आमच्याही ऑफिसात अगदी हेच झालं होतं. शेअर्ड फोल्डर दोन दिवस सिंक झालं नाही आणि नंतर प्रत्येक फाइलच्या दोन-दोन प्रती, एकीच्या नावापुढे 'कॉन्फ्लिक्ट' लिहिलेलं. तुम्ही सगळं साइन आउट करून परत साइन इन करून पाहिलंत का? आमचं त्यानेच सुटलं.

पाणकणीस

@आडवाटेचा, हे फाइलींचं नाही हो, डेटाबेसमधल्या रेकॉर्डचं आहे. साइन इनवर भागलं असतं तर बरंच झालं असतं.

जुनाखांब

मसुदा पाठवू नका. त्यातलं कारण मला पटत नाहीये.

जॉब 'बदललेले' ग्राहक कसे ओळखतो? `updated_at` बघून, आणि मागच्या वेळी कुठपर्यंत वाचलं ती वेळ जपून ठेवून, असंच असणार. तसं असेल तर पडलेल्या रनने ती वेळ पुढे सरकवलेली नसणार. म्हणजे रविवारी ८:३० च्या रनने शनिवारी रात्री ११ नंतरचं सगळं आपोआप उचललं असणार. नऊ तास बंद राहिलेला असा जॉब उशीर करतो, पण रेकॉर्ड गाळत नाही. मग ६,१७१ राहिले कसे?

शिवाय शनिवारी रात्री सहा हजार ग्राहक बदलले कोणी?

फरक निघालेल्या रेकॉर्डांचं टेबल केलं असेल तर एवढंच चालवा आणि काय येतं ते सांगा.

```sql
select date_trunc('minute', c.updated_at) as minit, count(*)
from farak f join customers c on c.id = f.customer_id
group by 1 order by 2 desc;
```

टकटक

कारण सरळ आहे की. रविवारी ८:३० ला एकदम नऊ तासांचा माल आला, बॅच मोठी झाली आणि टाइमआउट होऊन अर्धी राहिली. आमच्याकडे दोनदा झालंय. बॅचची मर्यादा कमी करा.

पाणकणीस

@जुनाखांब, हो, `updated_at` वरच आहे. क्वेरी चालवली आणि आता मीच गोंधळले आहे. ६,११२ रेकॉर्डांची वेळ एकच आहे: शुक्रवार संध्याकाळ ६:४०. सेकंदाच्या अपूर्णांकापर्यंत तंतोतंत सारखी. बाकीचे ४७ वेगवेगळ्या तारखांना विखुरलेले आहेत, काही तर कित्येक महिने जुने. शनिवारी रात्री ११:१५ ते रविवारी सकाळी ८:१५ या काळातला एकही नाही!

शुक्रवारी संध्याकाळी दरश्रेणी नव्याने ठरवणारी स्क्रिप्ट चालवली होती. प्रत्येक ग्राहकाची मागची खरेदी मोजून श्रेणी लावते. पण ती यशस्वी झाली होती आणि मास्टरमध्ये श्रेणी बरोबर आहे. सिंकचे शुक्रवारचे सगळे रनही हिरवे आहेत.

@टकटक, ८:३० च्या रनचा लॉग पाहिला. ११४ ग्राहक उचलले, ११४ दिले. टाइमआउट नाही.

रेघोटी

म्हणजे ३७ लाल रननी काहीच हरवलं नाही आणि जे हरवलं ते हिरव्या रनमध्ये? हे मॅनेजमेंटला सांगताना मजा येणार आहे.

जुनाखांब

आता चित्र दिसायला लागलं. दोन प्रश्न. स्क्रिप्ट किती वेळ चालली आणि सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये होतं का? आणि `updated_at` कोण भरतं, ट्रिगर का?

अजून एक. ६,११२ आणि ४७ मिळून ६,१५९ होतात. तुम्ही ६,१७१ म्हणालात. वरचे १२ कुठे गेले?

पाणकणीस

स्क्रिप्ट ६:४० ला सुरू झाली, ७:२५ ला संपली. एकच ट्रान्झॅक्शन, कारण मध्येच काही बिघडलं तर सगळं मागे घेता यावं. एकूण ६,१५० ग्राहकांची श्रेणी बदलली. `updated_at` ट्रिगर भरतो, `now()` ने.

१२ चं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ते बिलिंगमध्ये आहेत आणि मास्टरमध्ये नाहीतच, म्हणून जोडणीत गळले. एकाच ग्राहकाच्या दोन नोंदी झाल्या होत्या त्या एकत्र करून जास्तीची नोंद मास्टरमधून काढलेली दिसते.

जुनाखांब

तर झालं असं.

पोस्टग्रेसमध्ये `now()` म्हणजे घड्याळातली आत्ताची वेळ नव्हे, ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ. म्हणून ६,१५० ग्राहकांवर एकच शिक्का बसला, ६:४० चा. पण कमिट ७:२५ ला झालं. तोपर्यंतची पंचेचाळीस मिनिटं हे बदल स्क्रिप्टखेरीज कोणालाच दिसत नव्हते. सिंकचा जॉब अशा वेळी थांबून राहत नाही, त्याला रेकॉर्डची जुनी प्रत दिसते आणि तो पुढे जातो.

मधल्या काळात सिंक ६:४५, ७:०० आणि ७:१५ ला चालला. ऑफिसातले लोक इतर ग्राहकांचे पत्ते, फोन वगैरे बदलत होतेच, ते त्याने उचलले. समजा ७:१५ ला त्याला सापडलेला सर्वात ताजा बदल ७:१३ चा होता. त्याने 'मी ७:१३ पर्यंत वाचलंय' अशी खूण करून ठेवली. ७:२५ ला तुमची स्क्रिप्ट कमिट झाली आणि सहा हजार रेकॉर्ड एकदम दिसू लागले, पण शिक्का ६:४० चा. ७:३० चा रन विचारतो, '७:१३ नंतरचं काय आहे?' ६:४० हे ७:१३ च्या आधी. ते रेकॉर्ड त्याच्या लेखी वाचून झालेले आहेत. ७:४५ लाही तेच, आणि पुढच्या वर्षीही तेच.

एकही चूक कुठे नोंदली जाणार नाही, कारण जॉबने त्याला सांगितलेलं काम चोख केलंय. सर्टिफिकेटचा बिघाड त्याच शनिवार-रविवारी झाला हा योगायोग. मात्र त्याने ३७ लाल ई-मेल आले आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं.

६,१५० पैकी ६,११२ राहिले, म्हणजे ३८ पोहोचले. त्या ३८ जणांना नंतर कोणीतरी हाताने बदललं असणार. नवा शिक्का बसला आणि अख्खं रेकॉर्ड गेलं. बघून घ्या, तसं निघालं तर कारणावर शिक्कामोर्तब.

पाणकणीस

बघितलं. ३८ च्या ३८ जणांचं `updated_at` शुक्रवारी रात्रीनंतरचं आहे, ऑडिट लॉगमध्ये बदलणाऱ्याचं नावही आहे. तेच कारण.

टकटक

मग उपाय एका ओळीचा. ट्रिगरमध्ये `now()` काढा, `clock_timestamp()` टाका. ते खरंखुरं घड्याळ बघतं.

जुनाखांब

त्याने भोक लहान होईल, बुजणार नाही. स्क्रिप्टने ६:५२ ला हात लावलेल्या ग्राहकावर ६:५२ चा शिक्का बसेल, पण तो दिसणार ७:२५ लाच. खूण तोवर ७:१३ ला. ७:१३ नंतर हात लागलेले तेवढे वाचतील, आधीचे जातीलच. गोंधळ उलट वाढेल, कारण एकाच स्क्रिप्टचे काही रेकॉर्ड पोहोचलेले आणि काही नाहीत, असं दिसेल.

खरा प्रश्न असा की शिक्का लिहिण्याच्या वेळेचा आहे आणि रेकॉर्ड दिसतं कमिटच्या वेळी. या दोन वेळांच्या मध्ये सिंकची खूण पुढे गेली की रेकॉर्ड गेलंच.

सांजवेळ

आमच्याकडचा प्रकार वेगळा होता, पण वास तोच येतोय. आमचा जॉब खूण ठेवताना डेटातली सर्वात ताजी वेळ न घेता स्वतःच्या सर्व्हरचं घड्याळ बघायचा. आणि त्या सर्व्हरचं घड्याळ डेटाबेसच्या तीन मिनिटं पुढे होतं. प्रत्येक रननंतरच्या पहिल्या तीन मिनिटांतले बदल हळूच गळत होते. मोठा आकडा कधी आलाच नाही, त्यामुळे कित्येक महिने 'युजरने सेव्हच केलं नसेल' असं म्हणून आम्ही विषय संपवत होतो.

आमचा उपाय साधा होता. खुणेच्या एक तास मागून वाचायचं. तेच रेकॉर्ड दोनदा गेलं तरी बिघडत नाही.

जुनाखांब

@सांजवेळ, तुमचा उपाय इथेही चालेल, दोन अटींवर. घेणाऱ्या बाजूने की बघून 'असेल तर बदल, नसेल तर घाल' असं केलं पाहिजे, नाहीतर दुप्पट नोंदी होतील. आणि मागे जाण्याचा काळ सर्वात लांब ट्रान्झॅक्शनपेक्षा मोठा हवा. इथे पंचेचाळीस मिनिटं होती म्हणून एक तास पुरला असता. पुढच्या वेळी दोन तासांची स्क्रिप्ट आली की परत हाच धागा. पंधरा मिनिटांत शंभर-दोनशे ग्राहक बदलणाऱ्या टेबलवर मी बिनधास्त चोवीस तास मागे जाईन. थोडं जास्त वाचावं लागेल इतकंच.

पक्कं करायचं तर खूण उघड्या ट्रान्झॅक्शनच्या पुढे जाऊच द्यायची नाही. रन सुरू होताना सर्वात जुनं चालू ट्रान्झॅक्शन कधी सुरू झालं ते आधी बघायचं, मग वाचायचं, आणि खूण त्याच्या अलीकडेच थांबवायची.

```sql
select min(xact_start) from pg_stat_activity
where datname = current_database()
  and pid <> pg_backend_pid();
```

यात एक खोड आहे. साध्या युजरला दुसऱ्यांच्या सेशनचं `xact_start` दिसत नाही, रिकामं येतं. `min` रिकाम्याकडे दुर्लक्ष करतं. म्हणजे अधिकार नसेल तर क्वेरी चालेल, एरर येणार नाही, आणि उत्तर चुकीचं येईल. जॉबच्या युजरला `pg_read_all_stats` ही भूमिका देऊन मगच विश्वास ठेवा. आणि कोणी ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून घरी गेलं तर सिंकची खूणही तिथेच अडकेल, त्याची वेगळी सूचना ठेवावी लागेल.

लॉजिकल रेप्लिकेशनमधून बदल घेतले तर ते कमिट झाल्यावरच आणि कमिटच्या क्रमाने मिळतात, मग ही भानगडच राहत नाही. पण ते उद्या दुपारपर्यंतच्या अहवालात 'करणार' म्हणून लिहू नका, ते काही आठवड्यांचं काम असतं.

रेघोटी

मी असे अहवाल वाचण्याच्या बाजूला बसते, म्हणून त्या बाजूने सांगते. ट्रान्झॅक्शन, शिक्का, खूण हे सगळं मला दोन वाक्यांत चालेल. मला जो आकडा हवाय तो अजून कोणीच काढलेला नाही. ६,११२ ग्राहकांची माहिती चुकीची 'होती', ठीक आहे. त्यातल्या किती जणांना त्या चुकीच्या माहितीवर बिल गेलं? किती रकमेचा फरक? किती जणांनी पैसे भरलेसुद्धा?

बाकीच्यांना शनिवार-रविवारी बिलच बनलं नसेल तर त्यांच्यासाठी काहीच घडलेलं नाही. तुम्ही '६,१७१ बाधित' असं पहिल्या ओळीत लिहाल, तोच आकडा पुढे फिरेल, आणि पंधरा दिवसांनी कोणीतरी विचारेल की सहा हजार ग्राहकांची माफी मागितली का.

पाणकणीस

बरोबर आहे. बिलिंगमधून काढलं: शुक्रवारी ७:२५ पासून सोमवारी सकाळी बिलं थांबवली तोपर्यंत, या ६,११२ पैकी ग्राहकांना एकूण २१४ बिलं गेली. नव्या श्रेणीने परत मोजून पाहिल्यावर १३१ बिलांची रक्कम बदलते. उरलेल्या ८३ बिलांतल्या वस्तूंना श्रेणी लागतच नाही. १३१ पैकी ९ बिलांचे पैसे आलेले आहेत.

हिशेबनीस

१३१ पैकी जास्तीचे किती आणि कमीचे किती, हे वेगळं करा. बेरीज करून 'निव्वळ फरक' लिहू नका, कारण जास्त आणि कमी एकमेकांना खाऊन टाकतात आणि आकडा गोंडस दिसतो. जास्त आकारलेल्यांना परत द्यायचंय. कमी आकारलेल्यांकडून मागायचं की सोडायचं, हा धंद्याचा निर्णय, तो तुमच्या टीमने अहवालात घेऊन टाकू नये.

आणि ते ३८ जण तुम्ही मोजलेत का? त्यांना माहिती उशिरा पोहोचली. पोहोचेपर्यंत मध्ये बिल बनलं असेल तर ते चुकलेलंच आहे.

पाणकणीस

अरे देवा, ३८ सुटलेच होते. पाहिलं, त्यांच्यात ३ बिलं मधल्या काळातली आहेत, दोघांची रक्कम बदलते. म्हणजे १३३. विभागणी: १०२ मध्ये जास्त आकारलंय, ३१ मध्ये कमी. पैसे आलेली ९ बिलं सगळी जास्तवालीच.

टकटक

दुरुस्ती केलीत की नाही अजून? एक `update customers set updated_at = now()` मारा, पुढच्या रनला सगळं आपोआप जाईल.

जुनाखांब

जाईल, पण थांबा. आधी फरकाचं टेबल तारखेचं नाव देऊन वेगळं ठेवा, दोन्ही बाजूंच्या किमतींसकट. तुमचा सगळा पुरावा त्या ६:४० च्या शिक्क्यात आहे. तो पुसलात की उद्या कोणी विचारलं तर दाखवायला काही उरणार नाही.

मग फक्त त्या ६,११२ ना हात लावा, सगळ्या टेबलला नको. पाचशे-पाचशेच्या तुकड्यांत, प्रत्येक तुकडा वेगळा कमिट. सिंकची अजून दुरुस्ती झालेली नाही हे विसरू नका. एकदम मोठा अपडेट माराल, मध्ये सिंकचा रन येईल, आणि दुरुस्तीच त्याच भोकातून गळेल. शक्य असेल तर तेवढा वेळ जॉब थांबवा.

सोमवारी फोन आल्यावर बिलिंगवाल्यांनी थेट त्यांच्या सिस्टिममध्ये हाताने काही बदललं असेल तर तेही आधी विचारा. सिंक त्यावरून वरवंटा फिरवेल.

पाणकणीस

बिलिंगवाल्यांनी सहा ग्राहकांची श्रेणी हाताने बदलली होती, पाच मास्टरशी जुळतात. सहाव्याला त्यांनी फोनवर वेगळीच श्रेणी कबूल केलीय! तो बाजूला ठेवलाय.

आणि ते विखुरलेले ४७ एकेक करून पाहिले. ४१ मध्ये खरा फरक नाही. नावाच्या शेवटी रिकामी जागा, किंवा एकीकडे रिकामं आणि दुसरीकडे शून्य. पण ६ मध्ये खरा फरक आहे, आणि ते मागच्या काही महिन्यांतले आहेत. पत्ता किंवा संपर्क बदललेला, बिलिंगला कधी पोहोचलाच नाही.

जुनाखांब

ते सहा मला सर्वात महत्त्वाचे वाटतात. ते याच भोकातून गेले असण्याची दाट शक्यता आहे, फक्त लहान प्रमाणात. कोणाचा तरी फॉर्म सेव्ह होताना दहा-वीस सेकंद अडकला, तेवढ्यात सिंकचा रन होऊन गेला. याचा अर्थ हा बिघाड शुक्रवारी झालेला नाही. शुक्रवारी तो मोठा होऊन दिसला.

आणि सहा हाही किमान आकडा आहे. गळून नंतर दुसऱ्या कारणाने पोहोचलेले, त्या ३८ सारखे, आज ताडून दिसणारच नाहीत. अहवालात 'किमान' हा शब्द घाला.

टकटक

मग रोज रात्री दोन्हीकडची मोजणी जुळवायची, फरक आला की ई-मेल. आमच्याकडे आहे, मस्त चालतं.

सांजवेळ

मोजणी इथे जुळलीच असती की! नवे ग्राहक आलेले नाहीत, आहेत त्यांची श्रेणी बदललीय. दोन्हीकडे रेकॉर्ड तेवढेच. उलट तुमच्या मोजणीला ते काढून टाकलेले १२ दिसले असते आणि सहा हजार दिसले नसते.

आम्ही रेकॉर्डच्या महत्त्वाच्या कॉलमांचा मिळून एक हॅश काढतो, आयडीच्या गटांप्रमाणे दोन्हीकडे जुळवतो आणि ज्या गटात फरक तेवढाच उघडून बघतो. पण त्याआधी रिकाम्या जागा, शून्य, तारखांचं स्वरूप सगळं एकसारखं करून घ्यावं लागतं, नाहीतर ४१ सारखे खोटे फरक रोज येतात आणि आठवड्याभरात तो ई-मेल कोणी उघडत नाही.

रेघोटी

प्रतिबंधाबद्दल एक. 'यापुढे शुक्रवारी मोठे अपडेट करू नयेत' असा नियम कोणीतरी सुचवणारच. तो लिहू नका. स्क्रिप्ट मंगळवारी सकाळी चालवली असती तरी हेच झालं असतं, आणि स्क्रिप्ट चालवणाऱ्याने काहीच चुकीचं केलेलं नाही. असा नियम केला की त्याच्यावर ठपका येतो आणि भोक तसंच राहतं.

पाणकणीस

सगळ्यांचं घेऊन नवा मसुदा:

"शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ या काळात १३३ बिलं चुकीच्या दराने गेली: १०२ जास्त, ३१ कमी. जास्तपैकी ९ बिलांचे पैसे जमा झाले आहेत. १३३ बिलांची यादी, प्रत्येकीच्या फरकासह, सोबत जोडली आहे. कमी आकारलेल्या बिलांबाबत निर्णय हवा आहे.

कारण: शुक्रवारी ६,१५० ग्राहकांची दरश्रेणी बदलली. हे काम पंचेचाळीस मिनिटं चाललं आणि शेवटी एकदम नोंदलं गेलं. सिंक बदलाची वेळ बघून रेकॉर्ड उचलतं, आणि या बदलांवर काम सुरू झाल्याची वेळ होती. नोंद होईपर्यंत सिंक त्या वेळेच्या पुढे गेलं होतं, त्यामुळे त्याने हे रेकॉर्ड जुने समजून सोडले. ६,११२ ग्राहकांची माहिती पोहोचली नाही, ३८ जणांची उशिरा पोहोचली. शनिवारी रात्रीचा सर्टिफिकेटचा बिघाड वेगळा आहे. त्याने सिंकला उशीर झाला, त्या काळातलं एकही रेकॉर्ड राहिलेलं नाही.

हा दोष आधीपासून आहे. मागच्या काही महिन्यांतली किमान ६ रेकॉर्ड बहुधा याच दोषामुळे राहिलेली आढळली.

झालेलं काम: पुरावा जपून ६,११२ रेकॉर्ड पुन्हा पाठवली; एका ग्राहकाची श्रेणी विक्री विभागाने ठरवेपर्यंत थांबवली आहे. या आठवड्यात: सिंक दर वेळी चोवीस तास मागून वाचेल. या महिन्यात: रोज रात्री दोन्हीकडच्या मजकुराची तुलना, फरक आल्यास सूचना. सर्टिफिकेटच्या मुदतीची सूचना वेगळी. चोवीस तासांची मर्यादा अशी की त्याहून लांब चालणारं काम अजूनही निसटू शकतं. त्यासाठी रात्रीची तुलना आहे."

रेघोटी

हे चालेल. 'पुन्हा पाठवली' च्या पुढे 'पाठवल्यानंतर परत ताडून पाहिलं, इतके फरक उरले' हेही घाला. तो प्रश्न पहिला येतो.

हिशेबनीस

आणि १२ चं काय? ते अहवालात कुठेच नाहीत.

पाणकणीस

ते याच कारणाचे नाहीत म्हणून सोडले. सिंक काढून टाकलेल्या नोंदी बघतच नाही, नसलेल्या रेकॉर्डला `updated_at` कुठून येणार.

हिशेबनीस

कारण वेगळं असेल, पण त्या १२ नावांवर आजही बिल बनू शकतं. घटनेच्या चौकशीत सापडलेली गोष्ट घटनेच्या अहवालात नको, असं कसं?

जुनाखांब

माझं मत उलट आहे. एका अहवालात दोन वेगळे दोष घातले की दोन्हींची चर्चा अर्धवट होते. एका ओळीत उल्लेख करा आणि वेगळं तिकीट काढून त्याचा क्रमांक द्या. पण मी हिशेबात बसत नाही, त्यामुळे १२ खात्यांवर काय शिल्लक आहे ते बघितल्याशिवाय माझ्या मताला फार किंमत देऊ नका.

पाणकणीस

बघितलं. दहा खात्यांवर शून्य. दोघांवर येणं बाकी आहे, आणि त्यातल्या एकाला रविवारी बिल गेलंय. हे एक बिल १३३ मध्ये नाही. आता त्याला कुठे घालायचं, ते हिशेब विभागाला विचारूनच लिहिते.